सायलीचा रेझ्युमे: एक कॉलम रिकामा, दुसरा खच्चून भरलेला

पार्श्वभूमी

सायली (नाव बदललंय) आमच्या बिल्डिंगमधली मुलगी, कळव्याला राहतो आम्ही. ठाण्याच्या कॉलेजमधून बीएस्सी केमिस्ट्री केलं, रिझल्ट लागला आणि लगेच क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये, ट्रेनीची नोकरी शोधायला लागली. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात केमिकल आणि फार्माच्या कंपन्या भरपूर, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी वॉक-इन असतं, म्हणजे सकाळी नऊला गेटवर लाईन लावायची, हातातला रेझ्युमे द्यायचा आणि बसून राहायचं. ऑनलाईन पोर्टलवर अर्ज टाकायचा तो वेगळाच.

मी नौपाड्यात एका प्रिंटिंग प्रेसमध्ये बरीच वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिकांपासून औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदापर्यंत सगळं लावलंय, त्यामुळे पॉइंट, लीडिंग म्हणजे ओळींमधलं अंतर, मार्जिन हे माझं रोजचं. एचआर वगैरे मी नाही हे आधीच सांगते. रेझ्युमेत काय लिहावं यावर मी फार बोलणार नाही, पानावर ते कसं बसलंय तेवढंच माझं काम होतं. एक रविवार आणि नंतरच्या दोन संध्याकाळी यात गेल्या. तो सगळा प्रकार जसा झाला तसा लिहितेय, माझ्या चुकांसकट.

अडचण कशी कळली

सायली रबाळ्याला एका वॉक-इनला गेली होती. तिथे रिसेप्शनला सगळ्यांचे रेझ्युमे गोळा केले, त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि एकेक कॉपी आत वेगवेगळ्या टेबलांवर गेली. तासाभराने एक जण झेरॉक्स हातात धरून बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या नंबरात हा सात आहे का एक? आणि ईमेल तर काहीच लागत नाहीये." तिने पेनाने वर नंबर लिहून दिला. घरी आल्यावर मला म्हणाली, "काकू, स्क्रीनवर तर किती छान दिसतो हो, तुम्ही बघाच."

बघितला. स्क्रीनवर खरंच छान दिसत होता. ऑनलाईन मिळणारं तयार टेम्प्लेट, डावीकडे गडद मोरपंखी पट्टा, त्यात वर गोल फोटो, खाली पांढऱ्या अक्षरात पत्ता, फोन, ईमेल, मग स्किल्सच्या आडव्या पट्ट्या, भाषा, हॉबीज. उजवीकडे पांढऱ्यावर राखाडी अक्षरात ऑब्जेक्टिव्ह, शिक्षण, इंटर्नशिप, प्रोजेक्ट, डिक्लेरेशन. फॉन्ट पॉपिन्स लाईट, ८ पॉइंट.

मग ती झेरॉक्स मागितली. सुदैवाने तिने परत आणली होती. पट्टा काळपट राखाडी झालेला, आणि त्यातली पांढरी बारीक अक्षरं आतून भरून आलेली, म्हणजे e आणि o ची पोटंच गायब. फोन नंबर नेमका तिथेच. हे प्रेसवाल्यांना नवीन नाही, गडद रंगावर पांढरं बारीक अक्षर टाकलं की शाई चारही बाजूने आत सरकते आणि अक्षर खाते, म्हणून आम्ही असं अक्षर नेहमी जाड आणि एक-दोन पॉइंट मोठं घेतो. लाईट वजनाचा म्हणजे बारीक रेघेचा फॉन्ट, ८ पॉइंट, उलट्या रंगात आणि वर झेरॉक्स, मग राहणार काय. शिवाय साध्या ऑफिस प्रिंटरला कागदाच्या कडेपर्यंत छापता येत नाही, त्यामुळे पट्ट्याच्या बाहेर चारेक मिलिमीटर पांढरी किनार राहिलेली, म्हणजे ते डिझाईनही डिझाईनसारखं राहिलं नव्हतं.

इथेच मी म्हणणार होते की फॉन्ट मोठा कर, रंग काढ, झालं. पण पट्टी घेऊन पान मोजलं तेव्हा खरी भानगड निघाली.

पट्टा ७० मिलिमीटर रुंद. ए-फोर कागद २१० बाय २९७, म्हणजे बरोबर एक तृतीयांश पान पट्ट्याने घेतलं. त्यात दोन्ही बाजूला ८ मिलिमीटर सोडल्यावर अक्षरांना उरले ५४. एवढ्यात तिचा ईमेल एका ओळीत मावत नव्हता, @ च्या आधी तुटून खाली आला होता. Spectrophotometer हा एक शब्द अख्खी अर्धी ओळ खात होता. आणि एवढं करून पट्ट्यातला मजकूर कमरेच्या थोडं खाली संपत होता, त्याखाली ११० मिलिमीटर नुसता मोरपंखी रंग. काहीच नाही तिथे. आणि त्याच्या शेजारी, उजव्या कॉलममध्ये, जागा पुरत नाही म्हणून सगळं ८ पॉइंटवर आणून, परिच्छेदांमधली मोकळी ओळ काढून, डिक्लेरेशन खालच्या कडेला चिकटवलेलं.

म्हणजे पानावर मोकळी जागा होती, चांगली पंच्याहत्तर-ऐंशी चौरस सेंटिमीटर होती, पण ती भिंतीपलीकडे होती. उजवीकडचा मजकूर उठून तिकडे जाऊ शकत नाही. दोन कॉलमची हीच गोची आहे, त्यात तुम्हाला मजकूर आधीच दोन ढिगाऱ्यांत वाटून घ्यावा लागतो आणि दोन्ही ढीग सारख्या उंचीचे निघतील अशी प्रार्थना करावी लागते. टेम्प्लेट बनवणाऱ्याने नमुन्याचा मजकूर मोजून मापून भरलेला असतो, म्हणून नमुना सुरेख दिसतो. फ्रेशरच्या बाबतीत फोन-ईमेल-स्किल्सचा ढीग छोटा आणि शिक्षण-प्रोजेक्टचा मोठा निघणारच.

पर्याय काय काय होते

पहिला पर्याय सायलीचाच, टेम्प्लेट तेच ठेवायचं, पट्ट्याचा रंग फिका करायचा आणि अक्षर ९.५ करायचं. तिला ते टेम्प्लेट खूप आवडत होतं आणि त्यावर तिने दोन रात्री घालवल्या होत्या, त्यामुळे मी लगेच नाही म्हटलं नाही. करून बघितलं. इथे एक हिशोब लोकांच्या लक्षात येत नाही, अक्षर ८ चं ९.५ केलं की वाटतं दीड पॉइंटच तर वाढला, पण अक्षर रुंदीतही वाढतं आणि उंचीतही, म्हणजे जागा १.१९ गुणिले १.१९, जवळजवळ १.४ पट लागते. उजवा कॉलम आधीच काठोकाठ भरलेला. झालं काय तर डिक्लेरेशन आणि अर्धा प्रोजेक्ट दुसऱ्या पानावर, आणि दुसऱ्या पानावरही डावीकडे तोच रिकामा पट्टा. सायली स्वतःच म्हणाली, "नको काकू."

दुसरा पर्याय, पट्टा ७० चा ५० करायचा. पण ५० मध्ये ईमेलचे तीन तुकडे होतात. सोडला.

तिसरा माझा लाडका. डावीकडे ३५ मिलिमीटरमध्ये फक्त शीर्षकं लटकवायची आणि उजवीकडे १२५-१३० मध्ये मजकूर. जुन्या छापील माहितीपत्रकांत असं असायचं, दिसायला फार देखणं, डावीकडची मोकळी जागा श्वास घेते आणि नजर सरळ शीर्षकांवरून खाली उतरते. ओळीची लांबीही बरोबर येते, साठ-सत्तर अक्षरं. वर्डमध्ये हे करायचं तर बिनरेघांचं टेबल घ्यावं लागतं. सायलीला पोर्टलवरही अर्ज टाकायचे होते, आणि पोर्टलवर रेझ्युमे अपलोड केला की त्यातून नाव, शिक्षण, कंपनी आपोआप रकान्यांत भरली जाते, तिथे टेबल आणि टेक्स्ट बॉक्स कधी नीट वाचले जातात, कधी नाही.

चौथा पर्याय म्हणजे साधा एकच कॉलम. शीर्षक, खाली मजकूर, शीर्षक, खाली मजकूर. सायलीचं तोंड पडलं. "असा तर सायबरवाला पण बनवून देतो." खरंय, सायबर कॅफेवाला देतो तो पण एकच कॉलम असतो आणि तो वाईट दिसतो, पण तो वाईट दिसतो त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

निर्णय घ्यायच्या आधी एक टेस्ट केली, ती मात्र सगळ्यांनी करावी अशी आहे. पीडीएफ उघडायची, Ctrl+A, Ctrl+C, आणि नोटपॅडमध्ये Ctrl+V. तिच्या टेम्प्लेटवाल्या पीडीएफचं असं आलं:

```
CONTACT EDUCATION
Kalwa, Thane B.Sc. (Chemistry)
SKILLS 2021 - 2024
HPLC INTERNSHIP
Titration Water Testing Lab
HOBBIES
```

म्हणजे डावी ओळ, उजवी ओळ, डावी ओळ, उजवी ओळ अशी वेणी घातलेली. HPLC हे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र, त्याच्या पुढे INTERNSHIP, म्हणजे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटणार बाईंनी एचपीएलसीमध्ये इंटर्नशिप केली. प्रत्येक दोन कॉलमवाल्या फाईलचं असंच होतं असं नाही हं, फाईल कशात बनवली आणि त्यात तुकडे कुठल्या क्रमाने ठेवले यावर ते अवलंबून असतं. पण हिचं असं होतं. माझ्या तिसऱ्या पर्यायाचंही नोटपॅड करून बघितलं, ते बऱ्यापैकी सरळ आलं, फक्त एका ठिकाणी शीर्षक आणि पहिली ओळ चिकटली. तरी मी तो सोडला, मनावर दगड ठेवून, कारण सायलीला पुढे स्वतः त्यात बदल करायचे होते आणि वर्डचं टेबल नवशिक्याच्या हातात एक एंटर जास्त पडला की लगेच हलतं. एक कॉलम ठरला.

काय केलं

आधी पट्ट्यातला माल बाहेर काढला. पत्ता, फोन, ईमेल नावाखाली एका ओळीत. पत्त्यात फ्लॅट नंबर कशाला, "कळवा, ठाणे" पुरतं, रबाळ्याच्या कंपनीला एवढंच बघायचं असतं की मुलगी लोकलने येऊ शकते का. भाषा एक ओळ. हॉबीज काढल्या.

स्किल्सच्या पट्ट्या सात होत्या, प्रत्येकीला साधारण ११ मिलिमीटर उंची. एचपीएलसी ८० टक्के, टायट्रेशन ९० टक्के असं. मी विचारलं ८० टक्के म्हणजे कशाचे? ती म्हणाली टेम्प्लेटमध्ये तशीच होती, मी फक्त नावं बदलली. खरं तर एचपीएलसीचं कॉलेजमध्ये फक्त डेमो झालेलं, हात लावलेला नव्हता. क्यूसीच्या माणसाने ती ८० टक्क्यांची पट्टी बघून मोबाईल फेज, म्हणजे त्या यंत्रातून सोडायचं द्रावण, कसा बनवलास म्हणून विचारलं असतं तर? म्हणून दोन ओळी केल्या, एकात स्वतः केलेलं, टायट्रेशन, पीएच मीटर, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, आणि दुसरीत डेमो बघितलेलं. ७७ मिलिमीटरचं काम दोन ओळींत झालं आणि खोटंही राहिलं नाही.

गोल फोटोही काढला. वॉक-इनला कंपनीचा स्वतःचा फॉर्म असतो, त्यावर पासपोर्ट फोटो चिकटवतातच.

डिक्लेरेशनवरून मात्र घरात वाद झाला. तिचे बाबा म्हणाले, "वहिनी, खाली सहीच नसेल तर त्या कागदाला काय अर्थ? आमच्या वेळेला डिक्लेरेशन, तारीख, ठिकाण सगळं लागायचं." त्यांना मी म्हटलं भावोजी, सही त्या कंपनीच्या फॉर्मवर करतेच की ती, रेझ्युमेवर ते वाक्य, ठिकाण, तारीख आणि सहीची जागा मिळून पाच ओळी जातात. ते पटले नाहीत, पण सायलीने काढलं. कोणी मागितलंच तर जोडायला वेगळी फाईल ठेवलीय, त्यावर तह झाला.

आता फॉन्ट. पॉपिन्स तिला सोडवत नव्हता. फॉन्ट वाईट नाहीये, आपल्याच इंडियन टाईप फाउंड्रीचा आहे, त्यात देवनागरीही आहे, पण तो गोल आणि रुंद आहे, ओळीत अक्षरं कमी बसतात. तिचं म्हणणं होतं की ८ पॉइंट म्हणजे काही इतकं लहान नाही दिसत, आणि त्यात थोडं तथ्य होतं. पॉइंट साईज म्हणजे अक्षराची दिसणारी उंची नव्हे, नुसत्या x चा आकार फॉन्टप्रमाणे बदलतो. पॉपिन्सचा x मोठा, एरियलचा मध्यम, कॅलिब्रीचा लहान, टाइम्सचा त्याहून लहान. डोळ्याला कॅलिब्री ११ आणि एरियल १० जवळपास सारखेच दिसतात, टाइम्स घेतला तर साडेअकरा लागेल. म्हणून "रेझ्युमेत १० पॉइंट ठेवा" असं कोणी फॉन्टचं नाव न घेता सांगितलं तर ते अर्धवट आहे. तिचा ८ चा पॉपिन्स कॅलिब्रीच्या साडेनऊएवढा दिसत होता, पण लाईट वजनाचा आणि राखाडी, आणि लेझर प्रिंटर राखाडी रंग ठिपक्यांनी छापतो, बारीक रेघेत ते ठिपके धड बसत नाहीत आणि कडा कुरतडल्यासारखी दिसते. म्हणजे आकारापेक्षा वजन आणि रंगाने जास्त मारलं होतं.

त्या रविवारी मी तिच्या हट्टाखातर पॉपिन्स रेग्युलर ९ ठेवला, पूर्ण काळा. वर्डची फाईल तिने व्हॉट्सॲपवरून खाली झेरॉक्सवाल्याला पाठवली. त्याच्या कॉम्प्युटरवर पॉपिन्स नाही, मग वर्डने आपल्या मनाने दुसरा फॉन्ट लावला, तो अरुंद होता, दोन ओळींच्या जागी एकच ओळ झाली आणि पान आखूड होऊन खाली चार बोटं पांढरं राहिलं. सायली वर येऊन म्हणाली, "काकू, हा कोणाचा रेझ्युमे आहे?" तिथे पॉपिन्स संपला. कॅलिब्री ११ घेतला, आणि छापायला फक्त पीडीएफ द्यायची असं ठरलं, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असतो. पोर्टलने वर्डचीच फाईल मागितली तरी कॅलिब्री बहुतेक ठिकाणी असतो.

मार्जिन डावी-उजवी २२ मिलिमीटर, वर-खाली १८. वर्डची नेहमीची २५.४ असते, ती ठेवली असती तर शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर जात होत्या, आणि १२.७ ची Narrow घेतली तर ओळ इतकी लांब होते की डोळा परत येताना चुकतो. २२ लाही एका ओळीत ८५-९० अक्षरं येत होती, जी पुस्तकासाठी जास्तच आहेत, पुस्तकात साठ-सत्तर बरी. पण रेझ्युमेत कोणी सलग परिच्छेद वाचत नाही, बुलेटची एक ओळ, फार तर सव्वा ओळ, त्यामुळे चालून गेलं. चालून गेलं हाच शब्द बरोबर आहे, ते आदर्श नाही. इंटर्नशिपचा सहा ओळींचा परिच्छेद होता, दोन्ही बाजूंनी जस्टिफाय केलेला, शब्दांमध्ये ही भोकं पडलेली. त्याचे तीन बुलेट केले, डावीकडून सरळ, उजवीकडून जसं येईल तसं. ईडीटीएने पाण्याची हार्डनेस, सिल्व्हर नायट्रेटने क्लोराईड, आणि पीएच-टीडीएसचं रोजचं रजिस्टर. उजवीकडे आपोआप जी वेडीवाकडी मोकळी जागा राहिली त्यानेच पान हलकं झालं.

एवढं करून प्रिंट काढली आणि, खरं सांगते, सायबरवाल्याचाच रेझ्युमे दिसत होता. सायली काही बोलली नाही, पण चेहरा बोलत होता. मी प्रेसमधली जुनी युक्ती केली, पान उलटं धरलं, डोकं खाली पाय वर. असं केलं की शब्द वाचता येत नाहीत आणि नुसते काळे-पांढरे ठोकळे दिसतात. ठोकळे दिसलेच नाहीत, वरपासून खालपर्यंत एकच राखाडी चादर. कारण सगळीकडे अंतर सारखं होतं. शीर्षकाच्या वर ८ पॉइंट, खाली ८ पॉइंट, बुलेटमध्ये ६. त्यामुळे EDUCATION हे शीर्षक वरच्या मजकुराचं की खालच्या, ते डोळ्याला कळत नव्हतं. गंमत म्हणजे मूळ टेम्प्लेटमध्येही हाच दोष होता, तिथे तर शीर्षकाखाली रेघ असल्यामुळे खालचं अंतर वरच्यापेक्षा जास्त झालेलं, शीर्षक आपल्या पोरांना सोडून शेजाऱ्याच्या दारात उभं. रंगाने ते झाकलं होतं एवढंच.

मग शीर्षकाच्या वर १४, खाली ४ केलं, बुलेटमधलं अंतर २ वर आणलं. ओळींचं अंतर Exactly मध्ये १४ पॉइंट. पूर्ण पानाची लांबी जवळपास तीच राहिली, पण आता उलटं धरल्यावर पाच ठोकळे स्पष्ट दिसले. मोकळी जागा वाढवली नाही, ओळीओळींत वाया जात होती ती काढून शीर्षकांच्या डोक्यावर नेली. माझ्या मते एक कॉलमचा रेझ्युमे भिकार दिसतो तो इथे मार खातो, कॉलम एक असल्यामुळे नाही.

अक्षरांचे आकार फक्त तीन ठेवले, नाव २०, शीर्षकं १२ बोल्ड, बाकी सगळं ११. टेम्प्लेटमध्ये मोजले तेव्हा सहा निघाले होते.

आणि तारखा. वर्षं उजव्या कडेला एकाखाली एक यावीत असं तिला हवं होतं, बरोबरच आहे, नजर उजवीकडे एका रेषेत खाली जाते. पण तिने ती स्पेसबार दाबून दाबून ढकलली होती, एक वर्ष इकडे एक तिकडे, दातांसारखी. वर्डमध्ये १६.६ सेंटिमीटरवर उजवा टॅब लावला, म्हणजे २१ मधून दोन्ही मार्जिन वजा केल्यावर जे उरतं ते, आणि प्रत्येक ओळीत एकच टॅब. पुढे मार्जिन बदलली की हा आकडाही बदलायचा, हे तिच्या वहीत लिहून दिलं.

निकाल

शेवटची प्रिंट काढली, तिची झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स काढली. फोन नंबर तिसऱ्या पिढीतही स्वच्छ. नोटपॅडमध्ये सगळं वरून खाली क्रमाने आलं, फक्त तारीख आणि कोर्सच्या नावात मोठी फट, ती चालते. पान एकच, खाली साधारण दोन बोटं मोकळं.

मोबाईलवर मात्र पूर्ण समाधान नाही झालं. हातातला फोन साधारण सात सेंटिमीटर रुंद, त्यावर २१ सेंटिमीटरचं पान म्हणजे सगळं एक तृतीयांश, ११ चं अक्षर पावणेचार पॉइंट दिसणार. आडवा धरला तर वाचता येतं. उभ्या फोनवर झूम केलं की आमची लांब ओळ डावी-उजवी सरकवावी लागते, आणि तिथे जुना अरुंद कॉलम खरं तर बरा होता. कोणी सांगितलं की एक कॉलम सगळीकडे जिंकतो तर ऐकू नका. तिला कागद आणि पोर्टल महत्त्वाचं होतं म्हणून आम्ही हे निवडलं, तेवढंच.

पुढच्या महिन्यात तिला दोन ठिकाणांहून इंटरव्ह्यूचा फोन आला आणि महाप्याच्या एका ठिकाणी ट्रेनी म्हणून लागली. हे रेझ्युमेच्या मार्जिनमुळे झालं असं मी म्हणणार नाही, तिचे मार्क चांगले होते आणि पाण्याच्या लॅबमध्ये महिनाभर बुरेट हातात होता त्याचा उपयोग झाला. इंटरव्ह्यूत तिला एचपीएलसीबद्दल विचारलं, तिने सांगितलं फक्त डेमो बघितलाय, ते म्हणाले कागदावर तसंच लिहिलंय, ठीक आहे, आणि पुढचा प्रश्न टायट्रेशनवर घेतला.

परत केलं तर वेगळं काय

मी पहिला अख्खा तास माझ्या मोठ्या मॉनिटरवर दीडशे टक्के झूमवर फॉन्ट बघण्यात घालवला, ही माझी चूक. दीडशेला ८ पॉइंट पण मोठाच दिसतो. आधी छापून, झेरॉक्स मारून मग बसायला हवं होतं, तेही खालच्याच दुकानात, कारण प्रेसच्या प्रिंटरवर सगळंच सुंदर येतं.

दुसरं, मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये उतरवून प्रत्येक भागाच्या ओळी मोजायला हव्या होत्या. फोन-स्किल्स-भाषांच्या सहा आणि बाकीच्या अडतीस, हे आधी दिसलं असतं तर दोन कॉलमचा विषय पाच मिनिटांत संपला असता आणि सायलीचं मनही एवढं मोडलं नसतं. ज्याच्या दोन्ही बाजू साधारण सारख्या भरतात, म्हणजे बरीच सॉफ्टवेअरं, सर्टिफिकेटं वगैरे असलेला कोणी, आणि ज्याचा रेझ्युमे फक्त ईमेलवर स्क्रीनवरच बघितला जाणार, त्याला मी दोन कॉलम नको म्हणणार नाही, फक्त गडद पट्टा नको आणि नोटपॅडची टेस्ट करूनच.

पॉपिन्सवरही मी लवकर ठाम राहायला हवं होतं, एक प्रिंट आणि एक संध्याकाळ वाचली असती. पण ते आखूड झालेलं पान तिने स्वतः हातात धरलं म्हणूनच तिला पटलं, नाहीतर काकू जुन्या जमान्यातल्या म्हणून सोडून दिलं असतं, त्यामुळे याबाबत माझं नक्की होत नाही.

रंगाचं अजून एक राहिलं. शेवटी तिने नावाखालची एक बारीक रेघ मोरपंखी ठेवलीच, अर्धा पॉइंट जाडीची. झेरॉक्समध्ये ती कधी येते कधी येत नाही, पण तिच्यावर काही अवलंबून नाही म्हणून मी काही बोलले नाही. फाईलचं नाव मात्र अजून resume_final_new3 असंच आहे, ते नाव आणि आडनाव टाकून बदल म्हणून तीनदा सांगून झालंय.